दोन नेमणूकपत्रे आणि एक समतोल आकडा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या आळीतील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन घरी आली. तिच्या लहानपणी गोवर, कांजिण्या, दमा या सगळ्यांत ती माझ्याच तपासणी-टेबलावर वाढली. आता ती स्वतः बालरोगाची पदविका घेऊन डॉक्टर झाली आहे. तिच्या हातात दोन पत्रे होती. पहिले महाराष्ट्र शासनाच्या वैद्यकीय सेवेतील गट-अ वैद्यकीय अधिकारी पदाचे, नेमणूक चंदगड तालुक्यात. दुसरे बेळगाव शहरातील एका खासगी रुग्णालयाचे, महिना दीड लाख रुपयांचे.

वडील म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा की हिला. सरकारी म्हणजे पेन्शन. म्हातारपणाची काळजी नको." मुलगी हळूच म्हणाली, "काका, पगारात चाळीस-पन्नास हजारांचा फरक आहे. आणि बदली झाली तर?"

वडिलांचे बोलणे १९९८ साली खरे होते. मुलीचा हिशोब आजचा असला, तरी अर्धाच होता. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी वही-पेन घेऊन जे मांडले, तेच येथे सविस्तर देतो. आपल्या संस्थेच्या अनेक सभासदांची मुले आज याच वळणावर उभी आहेत.

आपल्या भागात हा प्रश्न दुहेरी आहे, हे आरंभीच नोंदवितो. कर्नाटकाच्या सेवेत शिरावयाचे तर कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि पुढे नेमणूक राज्यात कोठेही होऊ शकते. महाराष्ट्राने सीमाभागातील ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, तेथे पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना त्या राज्याच्या नोकऱ्यांसाठी पात्र धरण्याचा निर्णय २००८ साली झाला. त्यामुळे हिंडलग्याच्या मुलीला वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी ओलांडून चंदगडला नोकरीस जाणे शक्य झाले. अंतर थोडे, पण राज्य बदलले की वेतन, निवृत्तिवेतन आणि बदली या तिन्हींचे नियम बदलतात.

पहिला हिशोब : हातात येणारी रक्कम

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात वैद्यकीय अधिकाऱ्याचा स्तर एस-२० असून त्याचा आरंभ ५६,१०० रुपयांपासून होतो. पदव्युत्तर पात्रतेमुळे मिळणाऱ्या जादा वेतनवाढी आपण बाजूस ठेवू. यावर व्यवसायरोध भत्ता मिळतो. त्याचा दर प्रत्येक सरकारचा वेगळा असतो. समजण्यास सोपे जावे म्हणून आपण केंद्राचा २० टक्के हा दर धरू, म्हणजे ११,२२० रुपये. मूळ वेतन आणि हा भत्ता मिळून ६७,३२० होतात. महागाई भत्ता हिशोबापुरता ५० टक्के धरला तर ३३,६६० आणि लहान गावाचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्के म्हणजे ५,६१०. एकूण १,०६,५९० रुपये.

येथपर्यंत मुलीचे म्हणणे बरोबर होते. दीड लाखाशी तुलना केली तर फरक ४३,४१० रुपयांचा. परंतु दोन्ही पत्रांत न दिसणारे काही आकडे आहेत.

सरकारी बाजूस निवृत्तीसाठी कर्मचाऱ्याच्या वेतनातून १० टक्के कापले जातात आणि सरकार स्वतःचे १४ टक्के घालते. हे टक्के मूळ वेतन, व्यवसायरोध भत्ता आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर, म्हणजे १,००,९८० वर काढावयाचे. कपात सुमारे १०,१००, सरकारचा वाटा सुमारे १४,१४०. म्हणून तिच्या हातात आयकरापूर्वी सुमारे ९६,५०० रुपये पडतील आणि दरमहा सुमारे २४,२०० रुपये तिच्या नावे साठत जातील.

खासगी पत्र मी पुन्हा वाचावयास सांगितले. त्यात 'वेतन' हा शब्दच नव्हता. 'व्यावसायिक मानधन' असे होते. या एका शब्दात पुष्कळ काही येते. मानधन घेणारा डॉक्टर हा रुग्णालयाचा कर्मचारी नसतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. दहा टक्के कर आधीच कापून रक्कम मिळते. तो पुढे विवरणपत्रात जुळवून घेता येतो, हा भाग वेगळा. सरकारी डॉक्टरला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते. मानधनावरील डॉक्टर घरच्या लग्नाला गेला, आजारी पडला किंवा बाळंतपणासाठी थांबला, तर तितके मानधन बुडते.

आता दीड लाखाचे काय होते ते पाहा. वर्षातून एक महिना काम बंद राहिले तर अकरा महिन्यांची कमाई बारा महिन्यांना पुरवावी लागते. सरासरी १,३७,५०० येते. सरकारी बाजूस जे २४,२०० रुपये निवृत्तीसाठी साठतात, तेवढेच तिनेही बाजूला टाकले तर हातात १,१३,३०० उरतात. तिकडे ९६,५००, इकडे १,१३,३००. त्रेचाळीस हजारांचा फरक सतरा हजारांवर आला.

या हिशोबास उलटे फिरविले की एक उपयोगी आकडा मिळतो. सरकारी बाजूचे हातातले ९६,५०० आणि साठणारे २४,२०० मिळून १,२०,७००. ही रक्कम अकरा महिन्यांच्या कामातून मिळवायची तर महिना सुमारे १,३१,७०० मानधन हवे. याला मी समतोल आकडा म्हणतो. मानधन याच्याखाली असेल तर पत्रातील रक्कम मोठी दिसली तरी ती प्रत्यक्षात सरकारी वेतनाहून लहान आहे. याच्यावर असेल तरच पुढचा विचार करावयाचा.

व्यवसायरोध भत्त्याची दोन टोके

हा भत्ता आपल्या व्यवसायातच असल्याने त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. खासगी व्यवसाय न करण्याच्या बदल्यात तो मिळतो. म्हणजे संध्याकाळची ओपीडी सरकारने विकत घेतलेली असते. आमच्या हिशोबात तिची किंमत ११,२२० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता धरून १६,८३० रुपये झाली. लहान गावात चालती बालरोग ओपीडी यापेक्षा पुष्कळ अधिक देऊ शकते. परंतु ती चालती व्हावयास पाच-सात वर्षे लागतात, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो. भत्ता मात्र पहिल्या महिन्यापासून मिळतो.

त्याचे दुसरे टोक असे की, केंद्रात हा भत्ता वेतनाचाच भाग मानला जातो, म्हणून त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि निवृत्तिवेतन काढतानाही तो धरला जातो. घरभाडे किंवा अन्य भत्त्यांचे तसे नाही. ते निवृत्तीच्या दिवशी संपतात. म्हणून सरकारी वेतनपत्र वाचताना प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा : ही रक्कम निवृत्तिवेतनात मोजली जाते की नाही?

महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून, असा वर्षातून दोनदा सुधारला जातो. खासगी करारात अशी वाढ आपोआप होत नाही. दर वर्षी ती मागावी लागते. तरी त्यालाही मर्यादा आहे. करोनाच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ हे तीन हप्ते केंद्राने गोठविले आणि त्यांची थकबाकी दिली नाही. त्याच एप्रिल २०२० मध्ये माझे दवाखान्यातले बाक रिकामे होते आणि दोघा मदतनिसांचे पगार चालू होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

निवृत्तिवेतन : तारीख कोणती?

मुलीच्या वडिलांच्या मनातील पेन्शन म्हणजे शेवटच्या वेतनाच्या निम्मे, त्यावर वाढता महागाई भत्ता, आणि पश्चात कुटुंबास काही अंश. ही जुनी योजना. तिच्यासाठी कर्मचाऱ्याच्या वेतनातून काहीच कापले जात नसे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आणि कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी ती बंद केली. त्यांच्यासाठी वर सांगितलेली अंशदानाची योजना आली. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन ठरलेले असे आणि ते देण्याचा भार सरकारवर होता. नव्या योजनेत भरणा ठरलेला असतो. अखेरीस काय मिळेल, ते बाजार ठरवितो.

फरक किती पडतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, निवृत्तीच्या वेळी व्यवसायरोध भत्त्यासह वेतन १,८०,००० आहे. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन ९०,०००, आणि त्यावर महागाई भत्ता. नव्या योजनेत समजा दीड कोटी रुपये साठले. त्यांतील ६० टक्के, म्हणजे नव्वद लाख, एकरकमी हाती घेता येतात. उरलेल्या ४० टक्क्यांची, म्हणजे साठ लाखांची, विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. सहा टक्के दराने तिचे वर्षाला ३,६०,००० म्हणजे महिना ३०,००० होतात. हे तीस हजार साध्या वार्षिकीत पुढची वीस वर्षे तीस हजारच राहतात. नव्वद लाखांची गुंतवणूक ज्याला नीट जमली, त्याचे भागेल. ज्याने ते मुलांच्या घरात किंवा रुग्णालय उभारण्यात घातले, त्याचे म्हातारपण तीस हजारांवर येऊन ठेपते.

या असुरक्षिततेमुळेच मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यानंतर २०२४ साली त्या राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांना हमीच्या निवृत्तिवेतनाचा विकल्प देण्याचे ठरविले. केंद्राची एकत्रित निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पंचवीस वर्षे सेवा झाली असता शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळण्याची हमी आहे. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात. दहा वर्षे झाली असतील तर किमान १०,००० रुपये. पश्चात जोडीदारास त्याच्या ६० टक्के. मात्र राजीनामा देणाऱ्यास ही हमी नाही. स्वेच्छानिवृत्ती पंचवीस वर्षांनंतर घेतली तरी हे निवृत्तिवेतन नियत वयाच्या तारखेपासूनच सुरू होते.

म्हणून आज 'सरकारी म्हणजे पेन्शन' एवढेच म्हणून भागत नाही. कोणत्या सरकारची, कोणत्या तारखेची आणि कोणता विकल्प घेतलेली, हे विचारावे लागते. या तारखेचे महत्त्व किती, हे २०२४ साली दिसले. नवी योजना लागू होण्याआधी ज्यांच्या पदांची जाहिरात निघाली होती, पण नेमणूक उशिरा झाली, अशा कर्मचाऱ्यांना कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी जुन्या योजनेचा विकल्प दिला. हा विकल्प नेमणुकीच्या तारखेवर नव्हे, तर भरतीच्या जाहिरातीच्या तारखेवर मिळाला. वीस वर्षांपूर्वीचा तो कागद त्यांना आयुष्यभराचे निवृत्तिवेतन देऊन गेला.

एक शब्द चुकला

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. मी १९९८ साली सरकारी सेवेत शिरलो, जुन्या योजनेत. त्या खात्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. २००६ च्या अखेरीस दूरच्या तालुक्यात बदली झाली. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी तिसरीत. मी एका पानाचा राजीनामा लिहून दिला. आस्थापना विभागातील एक वयस्क लिपिक कागद हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा शब्द लिहू नका. रजा मागा, बिनपगारी मागा, दुसऱ्या सरकारी पदासाठी खात्यामार्फत अर्ज करा. राजीनाम्याने मागली सगळी सेवा पुसली जाते." मला वाटले, गृहस्थ उगाच घोळ घालत आहेत.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जुन्या नियमांत राजीनामा दिला की मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. खात्याच्या परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा त्यास अपवाद. तेथे सेवा अखंड धरली जाते. स्वेच्छानिवृत्तीने निवृत्तिवेतन मिळते, पण त्यास केंद्रात आणि महाराष्ट्रात वीस वर्षांची सेवा लागते. माझी साडेआठ वर्षे झाली होती. माझ्याच वर्षी लागलेला एक वर्गमित्र तिकडेच राहिला. तो लवकरच निम्म्या वेतनावर निवृत्त होईल. माझ्या साडेआठ वर्षांचे भविष्यनिर्वाह निधीतले माझेच पैसे तेवढे मला परत मिळाले. मला त्याची खंत नाही. आईजवळ राहता आले. परंतु जे गमावले ते काय होते हे गमावल्यावर कळले, ही चूकच.

नव्या योजनेचा एक गुण येथे दिसतो. साठलेली रक्कम कायम खाते क्रमांकावर असते आणि नोकरी सोडली तरी ते खाते पुढे चालू ठेवता येते. साडेआठ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याचे त्यात माझ्यासारखे नुकसान होत नाही. हमीचा विकल्प घेतल्यास मात्र पुन्हा तीच जुनी अट येते : शेवटपर्यंत राहा.

बदलीची किंमत

महाराष्ट्रात बदल्यांविषयी २००५ सालचा अधिनियम आहे. गट-अ अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यांत. मुदतीपूर्वी बदली करावयाची तर लेखी कारणे नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. कर्नाटकात आरोग्य खात्यासाठी स्वतंत्र कायदा असून विभागवार समुपदेशनाने बदल्या होतात. कायद्याने मनमानीस आळा बसतो आणि मुदतीआधी बदली झाली तर दाद मागता येते. परंतु तीन वर्षे पुरी झाल्यावर आलेल्या गडचिरोलीच्या आदेशाविरुद्ध कायदा फारसा उपयोगी पडत नाही; कारण तो आदेश कायद्याप्रमाणेच असतो.

बदलीची किंमत वेतनपत्रात नसते, पण ती आकड्यात मांडता येते. दूरच्या ठिकाणी दुसरे बिऱ्हाड करण्यास प्रवासासह समजा महिना वीस हजार लागले. तर हातातले ९६,५०० चे ७६,५०० होतात आणि समतोल आकडा १,३१,७०० वरून सुमारे १,१०,००० वर उतरतो. म्हणजे एवढ्या मानधनाची खासगी नोकरीही तितकीच पडते. चंदगडला असताना मात्र हा खर्च नाही, असेही समजू नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने मुख्यालयी राहावे अशी अपेक्षा असते. हिंडलग्याहून रोज जाऊन येऊ, हे गृहीत धरून हिशोब करणे चुकीचे. निवासस्थान मिळाले तर घरभाडे भत्ता बंद होतो, तेही ध्यानात ठेवावे.

जोडीदाराचा दवाखाना एका गावी रुजलेला असेल, तर वीस हजारांचा आकडाही अपुरा आहे. तेथे एकाची बदली म्हणजे दुसऱ्याच्या रुग्णसंख्येचा किंवा एकत्र राहण्याचा बळी. याउलट जोडीदारही सरकारी सेवेत असेल तर एकाच ठिकाणी नेमणुकीसाठी अर्ज करता येतो. लग्न ठरण्यापूर्वी हा विषय दोन्ही घरांनी उघडपणे बोलावा, असे मी आग्रहाने सांगतो.

वही मिटविताना मी मुलीला एवढेच विचारले, "चार वर्षांनी दूरचा आदेश आला तर तू जाशील का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकदा जाईन काका. दुसऱ्यांदा आला तर माहीत नाही." मी म्हणालो, "मग हमीच्या विकल्पावर सही करण्यापूर्वी थांब. ज्याला मध्येच सुटावे लागेल, त्याने शेवटपर्यंत राहण्याची अट असलेली योजना घाईने घेऊ नये. आणि कधी सुटायची वेळ आलीच, तर राजीनामा हा शब्द लिहिण्यापूर्वी माझ्याकडे ये."

ती चंदगडला रुजू झाली. निघण्याआधी तिने एक फाईल मला दाखविली. पहिल्या पानावर भरतीची जाहिरात, तिच्यावरील तारखेभोवती लाल वर्तुळ. मागे नेमणुकीचा आदेश आणि सीमाभागातील वास्तव्याचा दाखला. वडील दारात उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, जाहिरातीचा कागद कशाला जपायचा?"

"तीस वर्षांनी कळेल," असे मी म्हणालो.